व्हिजिटिंग कार्डाची मागची बाजू: कार्ड द्यायचं कसं, मागं लिहायचं काय आणि पुढचा फोन कधी

माझं शिरोलीत छोटं मशीन शॉप आहे. दोन व्हीएमसी, तीन सीएनसी आणि बाकी जुनी लेथ मशिनं. आमचं सगळं काम जॉबवर्कचं, म्हणजे फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून देतो. आमच्या धंद्यात नवं गिऱ्हाईक जाहिरातीतून येत नाही. ते प्रदर्शनात, असोसिएशनच्या कार्यक्रमात, एखाद्या लग्नात, नाहीतर दुसऱ्याच्या फौंड्रीच्या ऑफिसात भेटतं. भेट होते पाच-सात मिनिटांची आणि हातात राहतं एक कार्ड. पुढचं सगळं त्या कार्डावर ठरतं.

माझ्या टेबलाच्या खणात एके काळी चारशेच्या आसपास कार्डं होती. त्यातल्या किती जणांना मी फोन केला होता, हे मोजायला बसलो तर वीससुद्धा भरले नाहीत. बाकीच्यांची नावं वाचून माणूस डोळ्यासमोर येत नव्हता, कुठं भेटलो ते आठवत नव्हतं, काय बोलणं झालं ते तर नाहीच. त्यानंतर मी पद्धत बदलली. इथं सांगतोय ती गेली काही वर्षं रोज वापरून पक्की झालेली रीत आहे. आमच्या इंजिनिअरिंगच्या धंद्यातली असली तरी गुळाच्या व्यापाऱ्याला किंवा हुपरीच्या चांदीवाल्याला ती फारशी बदलावी लागणार नाही.

आधी आपलं कार्ड

यावर जास्त वेळ घालवत नाही, पण एक गोष्ट छापखान्यात आवर्जून सांगायची: मागची बाजू कोरी आणि लॅमिनेशन नसलेली ठेवा. कार्डं साधारण ३०० जीएसएमच्या कागदावर छापतात आणि बहुतेक छापखाने दोन्ही बाजूंना ग्लॉस किंवा मॅट लॅमिनेशन करून देतात. लॅमिनेशन म्हणजे कागदावर चिकटवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म. तिच्यात बॉलपेनची शाई मुरत नाही, वरच राहते आणि बोट फिरलं की जाते. समोरच्याला तुमच्याबद्दल काही लिहून ठेवायचं असेल तर त्याला जागा द्या. मागं मशिनांची यादी, देवाचा फोटो आणि जागेचा नकाशा असं सगळं भरून टाकलं तर तो लिहिणार कुठं? यादी कोटेशनबरोबर पाठवता येते.

पुढच्या बाजूवर तुमचा स्वतःचा मोबाईल नंबर हवा, ज्यावर फोन केल्यावर तुम्हीच उचलता तो. आणि पत्त्यात प्लॉट नंबरबरोबर ओळखीची खूण. एमआयडीसीत प्लॉट नंबर शोधत फिरणाऱ्या टेम्पोवाल्याला विचारा, तो सांगेल खुणेची किंमत काय असते.

देताना आणि घेताना

आपली कार्डं शर्टाच्या एका खिशात किंवा छोट्या डबीत आणि आलेली कार्डं दुसरीकडे. डावं-उजवं कुठलंही ठरवा, पण मोडू नका. एका कार्यक्रमात मी दोन्ही एकत्र ठेवली होती. एका फौंड्रीच्या मालकांना कार्ड दिलं, त्यांनी वाचलं आणि शांतपणे मला परत केलं. ते माझं नव्हतंच. अर्ध्या तासापूर्वी भेटलेल्या दुसऱ्या मशीन शॉपवाल्याचं होतं. काही बोलले नाहीत, पण माझ्या कामातल्या काटेकोरपणाबद्दल त्यांना जे वाटायचं ते तिथंच वाटून गेलं.

आपल्याकडे आधी नमस्कार, मग चार शब्द, आणि मग कार्ड. माणूस दिसल्या दिसल्या कार्ड पुढं केलं की पत्रक वाटल्यासारखं होतं. बोलण्यात कामाचा धागा निघाला, किंवा समोरच्यानं "तुमचं कुठं असतं?" असं विचारलं, की तो क्षण कार्ड काढायचा. बसलेले असाल तर उठून द्या. उजव्या हातानं, नाहीतर दोन्ही हातांनी. डाव्या हातानं देणं-घेणं आपल्याकडे खटकतं, आणि हातात चहाचा कप असेल तर तो आधी खाली ठेवा. अक्षरं समोरच्याला सुलटी दिसतील असं धरा. चौघं असतील तर सगळ्यात वडील माणसाला पहिलं, मग बाकीच्यांना, आणि कोणाला वगळू नका. बाजूला गप्प उभा असलेला तरुण पोरगा पुष्कळदा त्यांच्या क्वालिटी विभागाचा असतो आणि तुमचा माल पास करायचा की नाही हे उद्या तोच ठरवतो. बाईमाणूस असेल तर नमस्कार करून कार्ड द्यावं. हात मिळवायचा की नाही हे त्यांच्यावर सोडावं.

घेताना कार्ड वाचा. मनात नव्हे, नाव तोंडानं घेऊन. "पुलाची शिरोली की हातकणंगल्याकडं?" एवढं विचारलं तरी तुम्ही वाचलंत हे त्यांना कळतं. आडनाव नीट कळलं नाही तर तिथंच विचारून घ्या. पुढच्या फोनला चुकीचं नाव घेण्यापेक्षा आत्ता विचारलेलं बरं.

आणखी एक आपल्या भागातलं. कोल्हापूरच्या कितीतरी कार्डांवर वर ‘श्री अंबाबाई प्रसन्न’ किंवा ‘श्री जोतिबा प्रसन्न’ असतं, शेजारी गणपतीची आकृती असते. असं कार्ड पँटच्या मागच्या खिशात घालून त्यावर बसू नये, त्यावर चहाचा ग्लास ठेवू नये. देणारा बघत असतो. वरच्या खिशात, नाहीतर वहीच्या पानात. बसून बोलणं चालू असेल तर बोलणं संपेपर्यंत कार्ड समोर टेबलावर सरळ ठेवलं तर उत्तम, नावं चुकत नाहीत.

समोरच्याकडे कार्ड नसेल तर? आपल्या एका कोऱ्या कार्डाच्या मागं त्यांचं नाव-नंबर त्यांच्याकडूनच लिहून घ्या आणि पुढच्या बाजूच्या आपल्या नावावर आडवी रेघ मारा, म्हणजे ते चुकून कोणाला दिलं जाणार नाही. लगेच मिस कॉल देऊन नंबर बरोबर आहे याची खात्री करा.

मागच्या बाजूवर काय

लिहायचं कधी, हे आधी सांगतो. भेट संपल्यावर दहा मिनिटांच्या आत, पण त्या माणसासमोर नाही. समोर लिहायचं असेल तर "साहेब, साईज कार्डावरच लिहून घेऊ का?" असं विचारून. कामाची माहिती लिहितोय म्हटल्यावर कोणी नाही म्हणत नाही, उलट बरं वाटतं. न विचारता त्यांच्या नावाच्या कागदावर खरडणं मात्र बरं दिसत नाही. एरवी दोन पावलं बाजूला जाऊन लिहा. प्रदर्शनात सलग पाच जणांना भेटून मग लिहायला बसलात तर तिसऱ्याचं बोलणं चौथ्याच्या कार्डावर जातं. हे माझ्याकडून झालंय.

पेन कुठलं? लॅमिनेशनच्या कार्डावर बॉलपेन चालत नाही. सीडीवर लिहायचा बारीक टोकाचा परमनंट मार्कर जवळ ठेवा आणि लिहिल्यावर दहा-पंधरा सेकंद वाळू द्या. ओला असताना दुसरं कार्ड वर ठेवलं की दोन्ही खराब. एकदा एका साहेबांनी त्यांचा थेट नंबर चकचकीत कार्डावर बॉलपेननं लिहून दिला. दुपारी खिशातून काढलं तर शेवटचे तीन आकडे घामानं आणि घासून गेलेले. आता कोणी असा नंबर लिहून दिला की मी तिथंच मोबाईलमध्ये घालून घेतो.

थेट नंबर हातानं लिहून देणं ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. ज्याला खरंच काम द्यायचंय तो छापलेल्या ऑफिसच्या नंबराशेजारी आपला मोबाईल लिहून देतो, किंवा "या माणसाशी बोला" म्हणून दुसरं नाव देतो. नुसतं ०२३१ नं सुरू होणाऱ्या लँडलाईनचं कार्ड देऊन "पाठवा कोटेशन" म्हणाला, तर तो बहुधा सौजन्यानं बोलतोय. तसं बारीक चिन्ह मी कोपऱ्यात करतो.

आता मजकूर. मी चार गोष्टी लिहितो: कधी-कुठं भेटलो आणि गाठ कोणी घालून दिली, काम काय, त्यांची अडचण त्यांच्याच शब्दांत, आणि मी काय द्यायचं कबूल केलं, कधीपर्यंत. शेवटच्या दोन सगळ्यात महत्त्वाच्या आणि लोक नेमक्या त्याच लिहीत नाहीत. ‘चांगली भेट, मोठी पार्टी’ असं लिहिलेली कार्डं माझ्याकडे डझनांनी होती. त्यावरून महिन्याभरानं फोन करून बोलणार काय?

एक उदाहरण जसंच्या तसं देतो. डिसेंबरात इथल्याच एका प्रदर्शनात पंप बनवणाऱ्या एका कारखान्याचे परचेस मॅनेजर भेटले. ओळख आमच्या पॅटर्नवाल्यानं करून दिली. सात-आठ मिनिटं बोललो. ते म्हणाले, बेअरिंग ब्रॅकेट आहे, एसजी आयर्नची, महिन्याला चारशे नग लागतात. आत्ताचा पुरवठादार माल देतो, पण "मशिनवर बोअर बरोबर मापतो आणि आमच्याकडे आला की ओव्हल निघतो." त्यांच्या कार्डाच्या मागं मी हे लिहिलं:

१४/१२ प्रदर्शन. पॅटर्नवाल्या मामांनी.
बेअरिंग ब्रॅकेट एसजी, ४००/महिना. बोअर ६२ एच७.
"मशिनवर बरोबर, आमच्याकडे ओव्हल"
ड्रॉइंग मागवणे. बोअर रिपोर्ट २० नग – मंगळवार.
फोन ४ नंतर. सोम. सुट्टी.

पाच ओळी. साडेतीन बाय दोन इंचाच्या कार्डावर एवढंच मावतं आणि एवढंच पुरतं. ६२ हा आकडा ६२०६ बेअरिंगचा बाहेरचा व्यास आहे, आणि ६२ एच७ म्हणजे बोअर ६२.००० ते ६२.०३० मिलिमीटरच्या आत हवा. म्हणजे सगळी मुभा तीस मायक्रॉनची. तिसरी ओळ मी अवतरणात लिहिली, कारण तिच्यात रोगाचं निदान होतं. पातळ भिंतीचं कास्टिंग फिक्स्चरमध्ये जोरात आवळलं की ते किंचित दबतं. त्या दबलेल्या अवस्थेत बोअर गोल कापला जातो आणि तिथंच मापला तर गोलच दिसतो. क्लॅम्प सोडला की कास्टिंग मूळ जागेवर येतं आणि बोअर ओव्हल होतो. मी ‘ओव्हॅलिटीचा प्रॉब्लेम’ एवढंच लिहिलं असतं तर ‘मशिनवर बरोबर’ हे दोन शब्द हरवले असते, आणि सगळी मेख त्यातच होती.

पाचव्या ओळीबद्दल. परचेसच्या माणसाचा सकाळचा वेळ प्रॉडक्शनच्या मीटिंगमध्ये आणि न आलेल्या मालाच्या मागं लागण्यात जातो. म्हणून "कधी फोन केला तर सोयीचं पडेल?" हे भेटीतच विचारून लिहून ठेवतो. तसंच त्यांच्या सुट्टीचा वार. सगळे कारखाने रविवारी बंद नसतात.

काय लिहू नये, तेही सांगतो. माणसाचं दिसणं, बोलण्याची लकब, जात, घरच्या गोष्टी, ‘पैशाला कच्चा’ असले शेरे कार्डावर नकोत. कधीतरी तोच माणूस तुमच्या टेबलासमोर बसलेला असतो आणि कार्ड उघडं पडलेलं असतं. सगळे त्यांना ‘आबा’ म्हणतात, असं असेल तर ते मात्र लिहा. पण पहिल्या फोनला ‘साहेब’च. ‘आबा’ म्हणायचा हक्क दोन-चार व्यवहारांनंतर मिळतो.

त्याच संध्याकाळी

घरी आल्यावर कार्डं टेबलावर पसरायची आणि तीन ढीग करायचे. पहिला, ज्यांना मी काही कबूल केलंय. दुसरा, नुसती ओळख. तिसरा, ज्यांचं माझ्याकडे काम नाही पण माझ्या ओळखीच्या कोणाला उपयोग होईल. पहिल्या ढिगात एका कार्यक्रमातून चार-पाचच कार्डं निघतात आणि खरं काम तेवढंच असतं.

दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. कॉन्टॅक्ट सेव्ह करताना नावापुढं कंपनी आणि काम घाला, म्हणजे सहा महिन्यांनी फोन आला तर उचलण्याआधी कळतं. मग पहिल्या ढिगातल्या प्रत्येकाला नऊच्या आत एक छोटा मेसेज. वरच्या साहेबांना मी हा पाठवला:

"नमस्कार साहेब. आज प्रदर्शनात आपल्या बेअरिंग ब्रॅकेटबद्दल बोललो, मी शिरोलीचा मशीन शॉपवाला. बोअर मशिनवर बरोबर आणि आपल्याकडे ओव्हल येतो म्हणालात, त्यावर आमच्या एका तशाच पार्टचा २० नगांचा रिपोर्ट मंगळवारपर्यंत पाठवतो. ड्रॉइंग याच नंबरवर पाठवाल की मेल आयडी देऊ?"

शेवटी एकच प्रश्न, एका शब्दात उत्तर देता येईल असा. ‘काही काम असल्यास कळवावे’ या मेसेजला उत्तर येत नाही, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतं. कंपनीचं बारा पानी प्रोफाईल, देवाचा फोटो, सुप्रभात, यातलं काहीही पहिल्या मेसेजला जोडू नका. आणि त्यांना न विचारता ग्रुपमध्ये घालू नका. ब्रॉडकास्ट लिस्टचा तर उपयोगही नाही. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, आणि काल भेटलेल्या माणसानं तो केलेला नसतो.

दुसरा मेसेज त्याच रात्री ओळख करून देणाऱ्याला. "मामा, साहेबांशी छान बोलणं झालं, मंगळवारी रिपोर्ट देतोय." आपल्या गावात कामं अशाच साखळीनं येतात, आणि गाठ घालून देणाऱ्याला पुढं काय झालं ते तिसऱ्याकडून कळलं तर तो पुन्हा शब्द टाकत नाही. काम मिळालं नाही तरी कळवायचं.

तिसऱ्या ढिगातलं कार्ड कोणाला देण्याआधी कार्डाच्या मालकाला एक फोन करा: "अमक्याला तुमचा नंबर देऊ का?" कार्ड तुमच्या हातात दिलंय, गावात वाटायला नाही.

पुढचे दिवस

कबूल केलेल्या दिवशी कबूल केलेली वस्तू जायलाच हवी. म्हणून भेटीत शब्द देतानाच दोन दिवस जास्तीचे धरून द्या. उशीर होणारच असेल तर आदल्या दिवशी कळवा, त्या दिवशी संध्याकाळी नव्हे.

मंगळवारी मी रिपोर्ट पाठवला. प्रत्येक नगाचं माप दोनदा घेतलेलं होतं, क्लॅम्प आवळलेला असताना आणि सोडल्यावर, बोअर डायल गेजनं एकमेकांना काटकोनात दोन दिशांना. दोन दिशांच्या मापातला फरक म्हणजे ओव्हॅलिटी, आणि सोडल्यावरचा फरक सगळ्या नगांत आठ मायक्रॉनच्या आत होता. खाली एक ओळ लिहिली: "फिनिश कटच्या आधी क्लॅम्प सैल करून पुन्हा हलक्या दाबानं धरतो." दुसऱ्या दिवशी चारनंतर फोन केला, दोन मिनिटांचा. त्यांनी रिपोर्ट क्वालिटीकडे दिला होता. ड्रॉइंग आलं नव्हतं.

मग आठवडाभर मी गप्प राहिलो. रोज फोन करणाऱ्याचा नंबर लोक उचलायचा थांबतात. निळ्या टिकांवरही विसंबू नका, पुष्कळांनी त्या बंद करून ठेवलेल्या असतात. आठव्या दिवशी एक फोन केला, उचलला नाही, तर एकच मेसेज टाकला. ड्रॉइंग दहाव्या दिवशी आलं, क्वालिटीच्या त्या तरुण मुलाकडून. प्रदर्शनात त्यालाही कार्ड दिलं होतं. नंतर पाच नगांचं सॅम्पल गेलं, मग पन्नासचा ट्रायल लॉट. चारशेचा पूर्ण आकडा आजही आमच्याकडे नाही, जुन्या पुरवठादाराकडे निम्मा आहे आणि ते रास्तच आहे.

उत्तर आलंच नसतं तर? महिन्यानं एकदाच, तेही काही नवं सांगण्यासारखं असेल तर. नवं मशीन आलं, तसाच पार्ट दुसऱ्या कोणासाठी केला, असं काही. ‘सहज केला’ म्हणून कामाच्या माणसाला फोन करू नये. तरीही उत्तर नाही आलं तर कार्डावर तारीख घालून थांबायचं. त्यांच्या कारखान्यात काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं. पुन्हा कुठं भेटले तर नमस्कार करायचा, कोटेशनची आठवण काढायची नाही.

पहिली ऑर्डर देण्याघेण्याआधी मात्र कार्डावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर ‘Search Taxpayer’ मध्ये घालून बघतो. पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ नं सुरू होतो. कार्डावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव जुळतं का, नोंदणी चालू आहे का, एवढं कळतं. माणूस उधारी देईल की बुडवेल हे त्यातून कळत नाही. त्यासाठी त्यांना माल देणाऱ्या दोघांना विचारावं लागतं.

कार्डं मी आता बुटाच्या खोक्याएवढ्या पेटीत उभी लावतो. नावानुसार नव्हे, कामानुसार: फौंड्री, पॅटर्न, टूलिंग, वाहतूक, गिऱ्हाईक. नाव विसरतं, काम विसरत नाही. मागची जागा भरली की छोटी चिठ्ठी स्टेपल करतो. आणि खंडेनवमीच्या आधी शॉपची साफसफाई निघते, तेव्हा पेटीही खाली उतरवतो. प्रत्येक कार्ड उलटून मागचं वाचतो. ज्यावर काहीच लिहिलेलं नाही आणि माणूस आठवत नाही ते बाजूला. नंबर बदललेले दुरुस्त करतो. बाद कार्डांवर देवाचं नाव असतं म्हणून ती केरात टाकत नाही, जुन्या पत्रिका आणि कॅलेंडरांच्या गठ्ठ्यात ठेवतो. उरलेल्यांतून ज्यांना वर्षभर फोन झाला नाही अशी दहा कार्डं वर काढून ठेवतो आणि दसऱ्याला सोनं द्यायच्या निमित्तानं त्यातल्या गावातल्यांकडे स्वतः जातो.